घड्याळबाईंचा कागद

सकाळपासून वारा सुटला होता. कोरडा, खवचट, दाराच्या फटीतून आत शिरून खोड्या काढणारा. घड्याळबाई पोटाच्या तपासणी विभागात आल्या तेव्हा टेबलावरचे कागद फरशीवर पसरले होते आणि सफाईवाला त्यांच्यावर ओला पोछा फिरवायच्या बेतात होता.

"थांब रे बाबा! लोकांची पोटं आहेत ती!"

"मला वाटलं कागद आहेत," तो म्हणाला आणि पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून बाईंचं वाकणं-उचलणं बघत राहिला.

कागद गोळा करून त्यांनी त्यावर वजन म्हणून स्टेपलर ठेवला. मग रोजचं काम सुरू झालं. कपाटातून काचेचे पाच ग्लास काढायचे, पुसायचे आणि खिडकीतल्या फळीवर ओळीनं मांडायचे. एकात पाणी. एकात बिनदुधाचा चहा. एकात गाळलेला सफरचंदाचा रस. एकात दुधाचा चहा. शेवटच्यात ताक. प्रत्येक ग्लासाच्या मागे जाड अक्षरांची एक पट्टी चिकटवायची. ज्यातून अक्षरं वाचता येतात ते प्यायचं, ज्यातून वाचता येत नाहीत ते प्यायचं नाही. एवढं साधं. तरी दर दोन दिवसांनी कोणी तरी ताकापुढे चष्मा चढवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अंधुक दिसतंय की हो!"

बाई या इस्पितळात दुभाषी होत्या. इथले डॉक्टर वेगळी भाषा बोलत, आणि मराठी बोलणारे पेशंट बरेच येत. डॉक्टरांचं पेशंटला सांगायचं, पेशंटचं डॉक्टरांना सांगायचं, आणि सूचनांचे कागद मराठीत आणायचे, हे त्यांचं काम. घड्याळबाई हे नाव मात्र कागदावर काढलेल्या घड्याळांमुळे पडलं होतं. त्या नुसते आकडे लिहीत नसत. प्रत्येक पेशंटच्या तपासणीच्या वेळेवरून हिशेब करून वाराचं नाव घालायच्या, आणि शेजारी छापलेल्या कोऱ्या गोलात पेनानं काटे काढून द्यायच्या.

ही खोड बसस्थानकात लागलेली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं त्या चौकशीच्या खिडकीत बसत. रात्री बाराच्या गाडीचं तिकीट घेतलेली माणसं हमखास दुसऱ्या रात्री, बाडबिस्तरा घेऊन, पोराबाळांना स्वेटर घालून हजर व्हायची. "तुमची गाडी काल गेली" म्हटलं की भांडण. कोणी तिकीट काचेवर आपटायचं, कोणी बाईंच्या खानदानापर्यंत पोचायचं. बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं होतं की माणूस तारखेनं जगत नाही, झोपेनं जगतो. झोपेच्या अलीकडे एक दिवस, झोपून उठला की दुसरा. म्हणून त्यांच्या कागदावर 'रात्री बारानंतर' हे शब्द कधीच आले नाहीत. 'मंगळवारी संध्याकाळी, दिवेलागणीला', 'बुधवारी सकाळी उठल्या उठल्या', असं असायचं, आणि शेजारी घड्याळ.

हा कागद त्यांनी एकटीनं केला नव्हता. विभागाची मोठी सिस्टर त्यात अर्ध्याची भागीदार होती. ही सिस्टर दोन्ही भाषा जाणायची. सगळे तिला ताई म्हणत. बाईही ताईच म्हणायच्या, पण अगं-तुगंनं, कारण दोघी एका डब्यातलं जेवत होत्या. ताईच्या मुलीच्या बाळंतपणात बाईंनी तिच्या घरी महिनाभर स्वयंपाक केला होता. बाईंच्या नवऱ्याचं शेवटचं आजारपण ताईनं काढलं होतं. अशा दोघी.

कागद करताना दोघी खूप हसल्या होत्या. ताईनं आपल्या सासूला वाचायला बसवलं. म्हातारीनं सगळा कागद घडाघडा वाचला आणि म्हणाली, "कळलं. खायचं नाही. चहा घेईन."

"दुधाचा नाही हो घ्यायचा, आत्या."

"दूध म्हणजे काय खाणं आहे का? चावतं का कोणी दूध?"

त्या दिवशी कागदात नवी ओळ आली. 'दूध पातळ दिसतं, पण पोटात ते जेवणासारखं थांबतं. दूध, दुधाचा चहा, ताक: चालणार नाही.' दुसरी ओळ ताईनं घातली होती, लाल आणि जांभळ्या रंगाचं सरबत नको म्हणून, कारण आतून बघताना डॉक्टरांना ते रक्तच वाटतं. बाकी सगळं डॉक्टरांनी ठरवलेलं होतं. आदल्या दिवशी सकाळी हलका, बिनसालीचा, बिनबियांचा नाश्ता, मग घास नाही. पोट साफ करायच्या औषधाचा पहिला भाग आदल्या संध्याकाळी, दुसरा भाग तपासणीच्या दिवशी पहाटे. आणि आरपार दिसणारं पेय तपासणीच्या दोन तास आधीपर्यंत नुसतं चालतं असं नाही, प्यायचंच. जुलाबावाटे अंगातलं पाणी जातं, ते भरायला नको का? साखरेचा आजार असेल किंवा रोजच्या गोळ्या असतील तर आधी फोन करायचा.

"यातला एक शब्द बदलायचा झाला तर आधी तुला विचारीन," ताई तेव्हा म्हणाली होती. "तूही मला विचार."

त्या वाऱ्याच्या दिवशी इस्त्रीवाले काका आले. मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. डॉक्टरांचे पांढरे कोट त्यांच्याकडेच जात. काही महिन्यांपासून त्यांना शौचातून रक्त जात होतं. नंबर लांबचा लागला होता, ताईनं शब्द टाकून अलीकडे आणला होता. तपासणी साडेअकराला.

काकू त्यांना धरून आणत होत्या. काकांचे ओठ सुकून पांढरे पडले होते, जीभ टाळूला चिकटत होती. ते बाकावर टेकले, "बाई, बरं का..." म्हणाले आणि पुढचं वाक्य राहूनच गेलं. इस्त्रीच्या टेबलावरून शर्ट घसरावा तसे घसरले खाली.

धावपळ झाली. रक्तदाब पार तळाला गेला होता. सलाईन लावलं. बाटली अर्धी संपली तसे काकांचे डोळे उघडले, रंग आला. डॉक्टरांनी दुपारी तपासणी केली खरी, पण अर्ध्यावर थांबावं लागलं. खालचा भाग दिसला, वरच्या आतड्याला सगळा मळाचा लेप बसलेला. तिथे गाठ आहे की नाही, काही म्हणजे काही कळलं नाही. पुन्हा यायचं. पुन्हा औषध, पुन्हा उपास, आणि तोवर जिवाला घोर.

सलाईन चालू असताना बाई काकांजवळ स्टूल ओढून बसल्या.

"काका, पहाटेचं औषध घेतलंत ना?"

"कुठलं पहाटेचं? संध्याकाळीच घेतलं की सगळं. दोन्ही पाकिटं. रात्रभर संडासात मुक्काम."

"आणि पाणी?"

"छे! थेंब नाही. चूळसुद्धा भरून थुंकून टाकली."

"कागदावर तर वेगळं आहे, काका."

"आहे ना. मी विचारलंही. ही म्हणाली, घड्याळं काढलीत बघा, पहाटेचं आहे काही तरी." काकांनी काकूंकडे मान वळवली. "पण ताईंनी सांगितलं, कागद राहू दे, तो सगळ्यांसाठी असतो. मी सांगते ते ऐका. संध्याकाळी सगळं प्या आणि मग तोंडाला कुलूप."

"शेजारच्या वहिनींनाही तसंच सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "आणि त्यांच्या जावेलाही."

बाई उठल्या. चादरींच्या खोलीत ताई धुतलेल्या चादरी मोजत होती.

"ताई, तू लोकांना कागद बाजूला ठेवायला सांगतेस?"

ताईनं चादर घडी करणं थांबवलं नाही. "कोण म्हणालं?"

"मी विचारतेय."

"दार लाव आधी."

बाईंनी दार लावलं.

"तुझा कागद बरोबर आहे," ताई म्हणाली. "अक्षर न् अक्षर बरोबर. पण मला ती यादी चालवायची असते, घड्याळे. दहाचा पेशंट आला नाही की डॉक्टर म्हणतात बाराचा घ्या. बाराच्यानं नुकताच ग्लासभर रस ढोसलेला असतो, तुझ्या कागदाप्रमाणे. मग खोली रिकामी, डॉक्टर माझ्यावर डाफरतात. सगळे कोरडे असले की कुणालाही आत घेता येतं. आणि पहाटेचं औषध? ती बाई आठवते, बसमध्येच कपडे खराब झाले होते? इथे येऊन रडत बसली. तिला धुतलं कोणी? तू?"

"मग हे डॉक्टरांशी बोलायचं. माझ्याशी बोलायचं."

"तू ऐकलं असतंस?"

"भांडले असते."

"तेच ना. रोज कोण भांडणार?"

"किती दिवस चाललंय हे?"

ताईनं चादर गठ्ठ्यावर टाकली, वरून थोपटली. "झाले बरेच."

म्हणजे बाई वाराची नावं घालत होत्या, काटे काढत होत्या, चष्मा पुसून पुसून वेळा तपासत होत्या, आणि चार पावलांवर त्यांच्याच जिवाची मैत्रीण गोड आवाजात ते सगळं पुसत होती. दुपारी दोघी एकाच डब्यात हात घालत होत्या. "आज मीठ जास्त झालंय का गं?" असं विचारत होत्या एकमेकींना.

"आज माणूस गेला असता, ताई."

"गेला नाही ना?" ताईचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मला काय आनंद झालाय का? त्याचा नंबर मीच लावून दिला होता."

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. काका चाकाच्या खुर्चीत, काकू मागे उभ्या, ताई फाईल छातीशी धरून, आणि बाई नेहमीच्या जागी, पेशंट आणि डॉक्टर यांच्या मधोमध, अर्धं पाऊल मागे. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. मराठीचा त्याला गंध नव्हता.

"औषध सांगितल्याप्रमाणे का घेतलं नाही, विचारा त्यांना," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी विचारलं.

काकांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग ताईकडे. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला नाही, दाबला.

"कागद कळला नाही," काका म्हणाले. "फार लिहिलेलं होतं. घड्याळंबिड्याळं. मला वाटलं सगळं संध्याकाळीच घ्यायचं. कोणाची चूक नाही, कागद अवघड होता."

खोलीत वाऱ्यानं खिडकीची काच थरथरत होती. डॉक्टर बाईंच्या तोंडाकडे बघत होते. ताईही. या खोलीत दोन्ही भाषा कळणारी माणसं दोनच होती. बाईंनी आत्ता काहीही सांगितलं असतं तरी डॉक्टरांना कळणार नव्हतं. कळणार होतं ते फक्त ताईला, आणि ती तोंड उघडणार नव्हती. 'मला तोंडी वेगळं सांगितलं होतं', एवढंच डॉक्टरांच्या भाषेत म्हणायचं. ते खरंही होतं. काकांनी दुपारी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं.

पण काकांनी आत्ता ते म्हटलं नव्हतं.

बाईंनी घसा साफ केला आणि काका जे बोलले ते डॉक्टरांच्या भाषेत जसंच्या तसं सांगितलं. कागद कळला नाही. फार लिहिलेलं होतं. घड्याळंबिड्याळं. 'बिड्याळं'साठीसुद्धा त्यांनी तितकाच तुच्छ शब्द शोधून घातला. कागद अवघड होता. आपल्याच तोंडानं, आपल्याच आवाजात. दोन्ही भाषांमध्ये त्यांनी इतकी वर्षं जी इमानदारी सांभाळली होती, ती त्या क्षणी सुरीसारखी त्यांच्याच गळ्यावरून फिरली.

मग त्या म्हणाल्या, "हे पेशंटचं झालं. आता माझं बोलते. दुपारी यांनी मला वेगळं सांगितलं होतं. कागद बाजूला ठेवून सगळं औषध संध्याकाळी घ्या आणि पाणी पिऊ नका, असं यांना विभागातून तोंडी सांगण्यात आलं होतं."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "मी नेहमीचं समजावून सांगते, सर. लोक घाबरलेले असतात. गोंधळतात."

"विचारा त्यांना," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी विचारलं. शब्दाला शब्द लावून, आवाज सपाट ठेवून. काका मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "ताईंनी काही सांगितलं नाही. ताई फार चांगल्या आहेत."

"नाही," बाईंनी सांगितलं. "सिस्टरनं काही सांगितलं नाही. सिस्टर फार चांगली आहे."

डॉक्टरांनी डोळे चोळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर परवडलं असतं. जरा कीव होती. स्वतः रांधलेलं कोणाला आवडलं नाही की ताटाला दोष देणाऱ्या माणसाकडे बघतात ना, तसं. "हे बघा, वेळा बरोबर आहेत, त्या मीच ठरवल्यात," ते बाईंना म्हणाले. "पण कागद लोकांच्या डोक्यावरून जात असेल तर उपयोग काय? तूर्त तो थांबवू. महिन्याच्या बैठकीत बघू. तोवर सिस्टर सगळ्यांना तोंडी सांगतील. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे."

ताईनं मान हलवली. ती बाईंकडे बघत नव्हती.

"आणि यांना सांगा," डॉक्टर काकांकडे वळले, "पुढच्या वेळी औषध दोन भागांत. दुसरा भाग पहाटे. पाणी, काळा चहा, दोन तास आधीपर्यंत. प्यायलाच हवं."

बाईंनी सांगितलं. काकांनी मान डोलावली, जणू असलं काही आयुष्यात पहिल्यांदाच कानावर पडत होतं.

बाहेर आल्यावर काकूंनी खुर्ची भिंतीला लावली आणि गाडी बघायला गेल्या. काका बाईंना हाक मारू लागले. बाई थांबल्या नाहीत. तिसऱ्या हाकेला थांबल्या.

"रागावलात?"

"नाही, काका. लाडू वाटते आता."

"बाई, तुम्ही कागद लिहिता. त्या सुई टोचतात." काकांचा आवाज अगदी खाली गेला होता. "परत त्याच तपासणीच्या टेबलावर पडायचंय मला, उघड्या ढुंगणानं. त्यांच्या हातात. नंबरही त्यांनीच काढून दिला. कसं तोंड वर करून बोलू?"

बोलण्यासारखं होतं खूप. दुपारी स्टूल ओढून कोण बसलं होतं, सलाईनच्या बाटलीकडे कोण बघत होतं, आणि उद्यापासून दुसऱ्या कोणाचे ओठ असे पांढरे पडतील तेव्हा तो कोणाला दोष देईल. सगळं जिभेवर आलं. पण समोरचा माणूस घाबरलेला होता, आणि त्याच्या पोटात काय आहे हे अजून कोणालाच माहीत नव्हतं.

"तारीख कधीची मिळाली?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी. सकाळी अकराला." काका घुटमळले. "बाई... तो कागद द्याल का? तुमचा?"

"का? अवघड आहे ना?"

काकांनी हात पुढे केला.

बाईंनी बाहेरच्या टेबलावरून एक कागद ओढला. पेशंटच्या हातात तो द्यायला आजपासून बंदी होती. म्हणून त्यांनी तो उलटा केला, कोरी बाजू वर घेतली आणि डॉक्टरांनी आत्ता खोलीत सांगितलेलं आणि त्यांनीच ठरवलेलं बाकीचं मोठ्या अक्षरांत लिहिलं. बुधवारी सकाळी हलका नाश्ता, मग घास नाही. बुधवारी संध्याकाळी पहिलं पाकीट. झोपायचं. गुरुवारी पहाटे उठल्या उठल्या दुसरं पाकीट, सातच्या आत संपवायचं. नऊ वाजेपर्यंत आरपार दिसेल ते प्यायचं. नऊनंतर थेंब नाही. प्रत्येक ओळीशेजारी गोल काढून काटेही काढले.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या.

काकांनी सगळं म्हणून दाखवलं. एकाही ठिकाणी अडखळले नाहीत.

"आणि कोणी म्हणालं कागद राहू दे, तर?"

काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली. काकू गाडीवाल्याला घेऊन आल्या, खुर्ची वळवली. जाताना काकूंनी बाईंच्या दंडाला हात लावला. बाईंनी दंड काढून घेतला.

बाई आपल्या खोलीत परत आल्या तेव्हा ताई टेबलाशी उभी होती. डबा उघडलेला, दुपारचा तसाच राहिलेला.

"खाल्लं नाहीस तू," ताई म्हणाली.

"भूक नाही."

"बैठकीत मी सांगेन काही तरी. जरा थंड होऊ दे."

"काय सांगशील?"

ताईनं डब्याचं झाकण हातात फिरवलं. "चिडलीस म्हणून जेवण टाकू नकोस गं," एवढंच म्हणाली.

"तुझं तू घेऊन जा," बाई म्हणाल्या. "माझं मी उद्यापासून आणीन."

ताई डबा बंद करून गेली. दार लागलं नाही, वाऱ्यानं आपटत राहिलं. बाईंनी उठून कडी घातली.

डॉक्टरांचा निरोप घेऊन कारकून आला आणि छापील कागदांचा सगळा गठ्ठा उचलून घेऊन गेला. बाईंनी त्याला अडवलं नाही. एक दोरी दिली बांधायला. मग बैठकीसाठी चार ओळींचं पत्र लिहिलं. त्यात कोणाचंही नाव घातलं नाही. तोंडी सांगणाऱ्यानं काय सांगितलं हे पेशंटकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावं, आणि ते दुसऱ्या कोणी तरी ऐकावं, एवढंच मागितलं. कोणी वाचेल याची त्यांना खात्री नव्हती. पाकीट बंद केलं.

हाडांच्या विभागातून प्लास्टरचा कागद येऊन पडला होता, सकाळपासून. प्लास्टर भिजवू नये, आत काही खुपसून खाजवू नये, बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच यावं. बाईंनी चष्मा पुसला, कोरा कागद पुढे घेतला आणि पहिली ओळ लिहायला घेतली.